चाळीसचा आकडा

खारूचं पत्र आलं त्याला आता बरेच दिवस झाले. ते माझ्या टेबलावर, वाचायला काढलेल्या पुस्तकांच्या खाली होतं. मुद्दाम खाली ठेवलं होतं असं नाही; पण वरचं एखादं पुस्तक वाचून झालं की मी त्या जागी दुसरं ठेवत होतो, हे मात्र खरं.

खारू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी खारीसारखी या खोलीतून त्या खोलीत पळायची, म्हणून नाव पडलं ते पडलंच. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे. समोरचा गप्प झाला की मला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि मी घाईघाईने 'बरं ठेवतो' म्हणतो. म्हणून ती मला पत्र लिहिते. या वेळचं पत्र अगदी लहान होतं.

'काका, मला एकच विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही कितीचा आकडा टाकला होता? घरोघर जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवायची नोकरी मिळतेय, पण स्वतः गाडी चालवत फिरावं लागेल. बाबा म्हणतात, दादाच्या फोनवर मी डोळ्यांनी वाचलंय, तुझ्या हातात गाडी देणार नाही. हो की नाही ते मला या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायचंय. तुम्ही लिहिलंत तर बाबांनाच लिहा. माझं ते ऐकत नाहीत.'

तेव्हा काय झालं होतं ते सांगतो.

खारूच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आमच्या शहरात व्हायचं होतं, म्हणून तिघं माझ्याकडे उतरली होती. माझा गुडघा धरल्यापासून मी एक लहानशी गाडी घेतली आहे. तिच्यात फोनशी जोडायची सोय आहे. शोरूममधल्या मुलाने सगळं शिकवलं तेव्हा मी वही घेऊन बसलो होतो. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देत बसलेल्या माणसाला असल्या गोष्टींचं फार अप्रूप वाटतं. मग खारू आल्यावर तिला शेजारी बसवून मी तो सगळा धडा परत दिला.

"हा व्हॅले मोड. गाडी ठेवणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली द्यायची असेल तेव्हा पडद्यावर हा दाबायचा आणि चार आकडी पिन टाकायचा. मग आपले फोन नंबर, घरचा पत्ता, कुठे कुठे गेलो होतो ते, काही त्याला दिसत नाही. परत आलं की तोच पिन टाकून बंद करायचा."

"म्हणजे गाडी तोंड मिटून बसते," खारू म्हणाली. "तुमच्यासारखी."

मी हसलो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिच्या हातात किल्ली दिली आणि म्हणालो, "गाडी तुझीच समज. मी काही विचारणार नाही."

आणि आत जाऊन, दार लोटून, मी फोनवर दोन इशारे लावले. एक वेगाचा. आपण टाकलेल्या आकड्याच्या वर काटा गेला की फोनवर निरोप येतो. गाडी अडत नाही, तिचा वेगही कमी होत नाही; फक्त चुगली होते. दुसरा हद्दीचा. नकाशावर एक वर्तुळ काढायचं, गाडी त्याच्या बाहेर पडली की निरोप. वर्तुळात मी माझं घर आणि दवाखाना बसवला. वेगाच्या चौकटीत चाळीस टाकलं. का, तर मी स्वतः चाळीसच्या वर कधी गेलेलो नाही. मला वाटलं, माझी हिंमत संपते तिथे धोका सुरू होत असावा.

दवाखान्यात रुग्णाबरोबर एकालाच थांबू देत होते, म्हणून भाऊ आणि मी घरी चहा पीत बसलो होतो. फोन मध्ये टेबलावर होता. तो वाजला. माझ्याआधी भावानेच वाकून वाचलं.

"'ठरवलेली वेगमर्यादा ओलांडली.' दादा, हे काय?"

"गाडीचं आहे," मी म्हणालो.

"कळलं की गाडीचं आहे! आई शेजारी बसलीय आणि ही विमान उडवतेय?"

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की अरे, मर्यादा मी ठरवलीय, चाळीसची, दवाखान्याच्या वाटेवरच्या पुलावर सायकलवालाही मागून घंटी वाजवेल. पण भाऊ लहानपणापासून माझ्या भित्रेपणावर हसत आला आहे. मी बशीतला चहा फुंकत राहिलो.

तो साखर आणायला स्वयंपाकघरात गेला असताना दुसरा निरोप आला. 'व्हॅले मोड सुरू.' मी वाचला. मनात म्हणालोसुद्धा, शहाणी आहे पोर, लक्षात ठेवलं. भाऊ परत येऊन बसला आणि थोड्याच वेळात तिसरा आला. 'गाडी ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली.'

"बघ!" भाऊ म्हणाला. "आईला आत ढकललं आणि निघाली हुंदडायला. तरी मी सांगत होतो, इतक्यात गाडी देऊ नकोस."

दुपारी दोघी आल्या. आईच्या डोळ्यावर पट्टी. तिला आत निजवून खारू बाहेर आली, तर भाऊ वाटच बघत होता.

"कितीने चालवत होतीस?"

"पन्नासच्या आतच होते. का हो?"

"आणि मधेच कुठे गेली होतीस गाडी घेऊन?"

"मी? मी आईजवळ होते. दवाखान्याचं तळघर भरलं होतं. दारावरच्या मुलाने किल्ली घेतली आणि गाडी पलीकडच्या मैदानात नेऊन लावली."

"वा! आता त्या पोरावर ढकल."

"बाबा, खरंच. काकांनी शिकवलं तसं मी व्हॅले मोड टाकूनच किल्ली दिली. त्यालाही सांगितलं, की टाकलाय म्हणून. काकांच्या फोनवर आलं असेल ना तसं. काका, बघा ना जरा."

बोलता बोलता ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं, की वडिलांना वेग आणि हद्द कळली ती या फोनवरून, आणि फोनवर असले इशारे आपोआप येत नाहीत, कुणीतरी आधी लावावे लागतात. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या घरात भलत्याच खोलीचं दार उघडावं, तसं.

मी फोन उचलला. निरोप एकाखाली एक होते आणि 'व्हॅले मोड सुरू' त्यांच्या मधोमध होतं. भावाला ते दाखवलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, मग वेगाचं काय, मर्यादा कितीची? आणि आकडा टाकलेलं ते पान उघडावं लागलं असतं.

"मला काही दिसत नाही," मी म्हणालो. "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे."

चष्मा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. त्याची काडी बाहेर डोकावत होती. खारूने ती पाहिली. आईला पाणी द्यायला आत गेली. पुढे घरी परत निघताना मला वाकून नमस्कारही केला. तो मला नको होता.

पत्राला उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. बसलो. पण माझी पत्रं अशी सुरू होतात की मुद्द्यावर यायच्या आत कागद संपतो. एकात मी वार्धक्य आणि भीती यांविषयी बरंच लिहिलं. चांगलं जमलंय असं वाटलं आणि त्याचीच लाज वाटून फाडलं. आकडा त्यात कुठेच नव्हता.

काल गुडघा दाखवायला मी त्याच दवाखान्यात गेलो. तळघर भरलेलंच होतं. दारावरच्या मुलाने हात पुढे केला. "आजोबा, किल्ली. पलीकडे मैदानात लावतो. व्हॅले मोड असला तर तो टाकून मग द्या, म्हणजे तुमच्या डोक्याला घोर नको."

मी टाकला. त्याला सांगितलंही. गुडघ्याला आधार देत बाकावर बसतो तोच फोन वाजू लागला. खारू गेल्यापासून ते इशारे मी काढलेच नव्हते. ते पान उघडायचं धाडस झालं नव्हतं. 'व्हॅले मोड सुरू.' मग वेग. मग हद्द. तेच सगळं, आणि खारू तर इथे नव्हतीच. मला हे आधीच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, आणि दवाखान्याच्या बाकावर चष्मा लावून ते वाचणं वेगळं.

मुलगा परतला तेव्हा मी विचारलं, "कितीने नेलीत हो?"

त्याचा चेहरा पडला. "का आजोबा, काही घासलंय का?"

"नाही, नाही. सहज."

"असेल पंचेचाळीस वगैरे. मोठा रस्ता आहे तो. त्याच्याखाली गेलो तर मागचे हॉर्न वाजवून जीव घेतात. तक्रार नाही ना करणार?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या चाळीसमुळे आणखी एका पोराला घाम फुटला होता.

माझा नंबर यायला वेळ होता. खिशात औषधांच्या चिठ्ठीसाठी आणलेला कागद होता. त्यावर, मायना आवरून, धाकट्या भावाला लिहिलं.

'खारूला न सांगता मी गाडीवर इशारे लावले होते. वेगाचा आकडा चाळीस होता. ती मर्यादा रस्त्याची नव्हे, माझी. खारू पन्नासच्या आत होती म्हणाली, ते खरंच असणार. गाडी हद्दीबाहेर गेली तेव्हा किल्ली दारावरच्या मुलाकडे होती. व्हॅले मोडचा निरोप त्याच्याआधीच आला होता, तू साखर आणायला गेलास तेव्हा. मी तो वाचला होता. चष्मा खिशात होता. तिला गाडी दे.'

खाली थोडी जागा उरली, तिथे खारूसाठी लिहिलं: 'पुन्हा माझी गाडी नेशील तेव्हा इशारा लावायचा की नाही ते तुझ्यासमोर ठरवू. लावलाच तर आकडा तू सांग. नेशील की नाही, ते मी विचारत नाही.'

वाचून पाहिलं. 'तिला गाडी दे' हे हुकूम सोडल्यासारखं वाटत होतं. खोडावंसं वाटलं. पण खोडायला लागलो की मी थांबत नाही, हे मला माहीत आहे. गुडघा दाखवून झाल्यावर गाडी मागवली, पिन टाकला, आणि सरळ पोस्टात गेलो. पाकीट तिथेच घेतलं, भावाचा पत्ता लिहिला. महिना संपत आला आहे. पत्र वेळेत पोचेल की नाही हे खिडकीतल्या बाईंना विचारायचं होतं, पण त्या मान खाली घालून शिक्के मारत होत्या. मग न विचारताच बाहेर आलो आणि पाकीट पेटीत टाकलं.