जावईबापूंचा रंग का उडाला

प्राणिसंग्रहालयातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनात, त्यांची देखभाल करणाऱ्या आक्कांचा शब्द म्हणजे कायदा होता. एकदा मगर आ वासून बसली होती, आक्का नुसत्या "मीट!" म्हणाल्या, तर मगरीने तोंड मिटलं आणि सोमवारपर्यंत उघडलं नाही. मंगळवारी उघडलं, तेही विचारून.

सगळ्यांत लाडका मात्र एक हिरवा घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा. डोक्यावर उंच तुरा, एक डोळा पाहुण्यांवर तर दुसरा जेवणावर, आणि एक पाऊल टाकायचं तर आधी तीनदा मागेपुढे झुलणार. कुणी पुढ्यात आणून वाढल्याशिवाय जेवणार नाही, आणि वाढलं तरी उपकार केल्यासारखं. आक्कांनी त्याचं नाव ठेवलं होतं जावईबापू.

"हा ज्याच्यावर बसतो ना, त्याचा रंग घेतो," आक्का पाहुण्यांना सांगत. "एकदा आमच्या ह्यांच्या शर्टावर बसला, तर अंगावर चौकड्या उमटल्या. खिसासुद्धा!"

"खिसा?"

"बटणासकट."

इतक्यांदा सांगितलं होतं की आता तो खिसा आक्कांना स्वतःलाही आठवायला लागला होता.

मग नवे साहेब आले. नव्या साहेबांना जागच्या जागी असलेली वस्तू बघवत नाही. त्यांनी दालनातले पिंजरे हलवले, जावईबापूंच्या पाठीमागे झाडाच्या सालीचा तपकिरी पडदा लावला आणि बाहेरून आणखी एक नर सरडा आणून समोरच्या पिंजऱ्यात ठेवला. तो चांगला दणकट, जावईबापूंच्या दीडपट. दुसऱ्या दिवशी बघतात तर जावईबापू तपकिरी!

"बघा!" साहेबांनी टाळी वाजवली. "एका रात्रीत सालीशी एकरूप! याला म्हणतात लपणं!"

आक्कांची छाती फुगली. पण संध्याकाळपर्यंत ती उतरली, कारण जावईबापू जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. रातकिडे त्यांच्या पायावरून फेरफटका मारून गेले, एक तर तुऱ्यावर चढून बसला, पण जीभ काही बाहेर आली नाही. हळूहळू डोळे खोल गेले. आक्कांना अन्न गोड लागेना.

"कितीही एकरूप झाला तरी पोटाला नको का?" त्या साहेबांना म्हणाल्या. "साल थोडीच जेवते!"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सरड्याला उलटसुलट बघितलं आणि आधी दिव्याखाली तापमापक धरला. "गारठले की हे काळवंडतात, आक्का. गडद अंगाला ऊब लवकर लागते. सकाळी तुमचा हा काळपट दिसत असेल."

"दिसतो की. मी समजायची, झोप पुरी झाली नाही."

पण दिवा ठीक होता, ऊबही पुरेशी होती. बाईंनी विष्ठेचा नमुना घेतला. "उद्या येते. पण आक्का, असाच उपाशी राहिला तर तो काही फार दिवस काढायचा नाही."

बाईंची पाठ वळली आणि आक्कांनी पदर खोचला. औषध साधं होतं. तपकिरी पडद्याने तपकिरी झाला ना? मग हिरव्याने हिरवा होईल, आणि हिरवा झाला की भूक लागेल. त्यांनी साल काढून हिरवा पडदा लावला. जावईबापू तपकिरी. पिवळा टॉवेल लावला. तपकिरी. कुणाची तरी जांभळी छत्री उघडून ठेवली, तेव्हा एक डोळा तेवढा छत्रीकडे फिरला आणि कंटाळून परत आला.

शेवटी आक्कांनी घरून चौकड्यांची चादर आणली. ती आत मावेना, म्हणून पिंजऱ्याच्या पुढच्या काचेवरच टाकली, चहा प्यायल्या आणि मग बाजूच्या जाळीतून हळूच डोकावल्या. जावईबापू हिरवे! अगदी कोवळ्या पानासारखे!

"साहेऽब!" आक्कांच्या हाकेने अजगराने वेटोळं सोडलं म्हणतात.

साहेब धावत आले. आक्कांनी ऐटीत चादर वर केली आणि तिची महती सांगू लागल्या. सांगून होईतो जावईबापू पुन्हा मातकट.

"कुठे हिरवा? आक्का, हा तर पहिल्यासारखाच सालीच्या रंगाचा."

"आत्ता होता! चादरीत गुण आहे हो."

"चादर चौकडीची आहे. त्याच्या अंगावर चौकडी कुठे?"

"चौकडी यायला वेळ लागतो! आधी जमीन रंगते, मग चौकडी!"

चादर खाली आली. दोघं जाळीला डोळे लावून बसले. हळूहळू हिरवा. चादर वर गेली, तपकिरी. साहेबांना वाटलं आक्का काहीतरी हातचलाखी करतात, आक्कांना वाटलं साहेबांची नजर लागते. शेवटी साहेब म्हणाले, "मी चादरीच्या आतच बसतो!" आणि डोकं आत खुपसून गुडघ्यावर बसले. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांना चादरीतून बाहेर आलेले साहेबांचे बूट तेवढे दिसले.

"पोटात जंत नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणाच्या म्हणजे, सरड्याच्या. साहेब, हे काय चाललंय?"

दोघांनी एकदमच सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चादर वर केली की त्याला समोर काय दिसतं?"

तिघांच्या माना एकदम मागे वळल्या.

समोरच्या पिंजऱ्यात तो दणकट नर आडवा उभा होता. अंग पापडासारखं चपटं करून जमेल तेवढं मोठं केलेलं, डोकं हलतंय, आणि अंगावरचे पिवळे-नारिंगी पट्टे नुसते पेटलेले.

"अगं बाई," आक्का पुटपुटल्या, "थोरले जावई!"

"आणि धाकटे मान खाली घालून म्हणतायत, 'तुम्ही मोठे, माझं काही म्हणणं नाही,'" बाई म्हणाल्या. "हा तपकिरी रंग म्हणजे शरणागती, आक्का. सालीकडे त्याने बघितलंही नसेल. काचेतून दिवसरात्र तो दांडगा दिसतोय, मग घास उतरेल कसा?"

"म्हणजे ते लपायला रंग बदलत नाहीत?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या केसांना चादरीचा धागा लागला होता.

"मुख्य कारण ते नाही. काही जाती शत्रू दिसला की थोडंफार तेही करतात, पण बहुतेक बदल एकमेकांना बजावण्यासाठी. राग, धाक, 'मी हरलो', मादीचं 'चालता हो'. शिवाय ऊन घ्यायला. कातडीत बारीक स्फटिक असतात. शांत असला की ते दाटीने असतात, निळा उजेड परतवतात. वर पिवळा रंग असतो, दोन्ही मिळून हिरवा. चवताळला की स्फटिक लांब सरकतात आणि तो पिवळा-नारिंगी होतो. घाबरला की खालचा काळा रंग पसरतो."

"आणि चौकडी?" आक्कांनी चाचरत विचारलं.

"कधीच नाही."

आक्कांनी चादरीच्या चौकड्यांवरून बोट फिरवलं. "खिसा तर नाहीच मग," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

थोरल्यांची रवानगी भिंतीपलीकडच्या खोलीत झाली. जाताना ते आक्कांच्या हातावरसुद्धा पट्टे पेटवून बसले होते. आक्कांनी त्यांना मगरीला सांगतात त्या आवाजात "पुरे!" सांगितलं, पण जावयाला कोण काय सांगणार!

जावईबापूंच्या पिंजऱ्यात आक्कांनी दाट पानं लावली, रातकिडा सोडला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक जोडपं आलं.

"अहो, पिंजरा रिकामा आहे," बायको म्हणाली.

"तिकिटाचे पैसे घेतात आणि पानं दाखवतात," नवरा म्हणाला.

"आहे हो आत. रागावला की दिसतो, घाबरला की दिसतो. आत्ता त्याला काही म्हणायचं नाही, म्हणून दिसत नाही," आक्का हळूच म्हणाल्या.

नवऱ्याने काचेला नाक लावलं. आणि पानातून सट्कन जीभ आली, अंगापेक्षा लांब, आणि रातकिडा गायब. नवरा दोन पावलं मागे उडाला.

"जेवला!" आक्कांनी परक्या बाईला मिठीच मारली. "माझा जावई जेवला!"

"अगंबाई," ती बाई गोंधळून म्हणाली, "अभिनंदन हं. मुलगी कुठे दिलीत?"