आधी डॉक्टर, मग फोन
समोरच्या शिवणवाल्या मावशींनी किल्ली हातावर ठेवली तेव्हा वायरमनला मनातून धास्तीच वाटली. विसरण्यात त्याचा हात धरणारं अख्ख्या इमारतीत कुणी नव्हतं. पण मावशींच्या लेकीचं बाळंतपण परगावी होतं, आणि बोका घरी ठेवून त्या आजवर एक रात्रही बाहेर राहिल्या नव्हत्या. नाही कसं म्हणणार?

मावशींनी नुसतं सांगितलं नाही, सगळं त्याच्याकडून करून घेतलं. कुंडीत बोट खुपसायला लावलं. माती ओली लागली तर पाण्याला हात लावायचा नाही, कोरडी लागली तर बुडाशी घालायचं, खालून झिरपेपर्यंत. मग आला शेठ, म्हणजे तो लठ्ठ बोका. खाणं सकाळ-संध्याकाळ, पाणी रोज ताजं, आणि रेतीचा ट्रे साफ करताना ढेकळं बघायची.

"ढेकळांत काय बघायचं, मावशी?"

"लघवीने रेतीचं ढेकूळ होतं. ते नसलं तर त्याला लघवी झालेली नाही. बोक्यांना तुंबायचा त्रास असतो. सारखा ट्रेमध्ये बसून कुंथत असला तर मला फोन करत बसू नकोस. आधी डॉक्टर, मग फोन."

वर शेठला टोपलीत घालायची तालीमही झाली, मागचे पाय आधी. वायरमनचा हात ओरबाडून निघाला आणि त्याची बायको हसून हसून बेजार झाली. एका मांजरापायी केवढं हे स्तोम, असं त्याला वाटलं.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी बशीतलं खाणं तसंच होतं, रेतीत एकही ढेकूळ नव्हतं आणि शेठ ट्रेमध्ये जाऊन बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. तिकडे एका दुकानाचं फिटिंग अर्धवट होतं आणि मालक डोक्यावर बसला होता. वायरमनने त्याला सरळ उद्या येतो म्हणून कळवलं आणि शेठला टोपलीत घातलं, मागचे पाय आधी.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, भूल देऊन नळी घातली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, उद्यावर ढकललं असतंत तर हा हाती लागला नसता. इतक्या लवकर कसं ओळखलंत, असंही त्यांनी विचारलं. वायरमनला एकदम मावशींचा फार अभिमान वाटला. त्याच्यासारख्या वेंधळ्यालाही चुकता येऊ नये, असं त्या बाईने शिकवलं होतं. तसं त्याने डॉक्टरीणबाईंना सांगूनही टाकलं.

मग त्याने फोन लावला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मागे तान्हं बाळ रडत होतं. आता मावशी मिळेल त्या गाडीने निघणार, हे त्याने गृहीतच धरलं.

"तू आहेस ना तिथे?" त्यांनी विचारलं.

"आहे, मावशी."

"मग मी लेकीजवळ राहते," मावशी म्हणाल्या.

वायरमन फोन ठेवून शेठजवळ जाऊन बसला. एवढा भरवसा आजवर त्याच्यावर कुणी टाकला नव्हता, बायकोनेसुद्धा नाही.