यल्लव्वाच्या हनुवटीवरचं गोंदण

यल्लव्वाला फोटोचा भारी तिटकारा. लग्नाकार्यात कॅमेरा दिसला की बाई स्वयंपाकघरात पसार. त्यामुळे वर्षश्राद्धाला भिंतीवर लावण्यासाठी तिच्या लेकीच्या, भाग्यलक्ष्मीच्या हाती उरलं ते एक ओळखपत्र, आई गारमेंट फॅक्टरीत शिलाईला होती तेव्हाचं. प्लास्टिक पिवळं पडलेलं, आत नखाएवढा चेहरा, आणि फॅक्टरीचा निळा शिक्का नेमका हनुवटीवर.

चामराजपेटमध्ये वादिराजअण्णांचा स्टुडिओ होता. अण्णा बेळगावकडचे, म्हणून तिथे मराठीत बोलता यायचं. प्लास्टिक सोलून देऊ का, असं तिनं विचारलं तर त्यांनी कार्ड पटकन आपल्याकडे ओढलं. सोललं तर चेहराच प्लास्टिकला चिकटून येईल म्हणाले. त्यांनी कार्ड सपाट ठेवलं, चकाकी येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावले आणि वरून फोटो घेतला. फार मोठा केला तर चेहरा फुटेल, मध्यमच करू, असंही बजावलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा स्टुडिओत गेली. शिक्क्याची निळाई उतरवताना खालचं हिरवट गोंदणही निघून गेलं होतं. तिथे गोंदण होतं हे तिनं आधीच सांगितलेलं, म्हणून अण्णांनी ते नव्यानं काढलं होतं. बेळगावकडच्या बायकांच्या हनुवटीवर असतात तसे एकाखाली एक तीन ठिपके. काम अगदी सुबक होतं. तरीही भाग्यलक्ष्मीला आई परकी वाटली, आणि का ते काही केल्या सांगता येईना. जन्मभर पाहिलेला चेहरा आपल्याला नीट आठवू नये, याची तिला लाज वाटली.

शेवटी तिनं निपाणीच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन अण्णांच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर धरला. मावशीच्या हनुवटीवरही तसेच तीन ठिपके होते. तिनं बराच वेळ बहिणीकडे पाहिलं.

"अक्काचे दोनच होते गं," मावशी म्हणाली. "जत्रेत गोंदवायला आधी ती बसली. तिचं बघून मी रडायला लागले, तशी ती उठली आणि मला कडेवर घेतलं. तिसरा राहिला तो राहिलाच. माझे पुढच्या वर्षी झाले, तेव्हासुद्धा ती हात धरून बसली होती."

भाग्यलक्ष्मीला आईची ताटं आठवली. कुणी हाक मारली, कुणी रडलं, की आई जेवण टाकून उठायची. घरातल्या कुणीही तिला ताट संपवताना पाहिलं नव्हतं.

"अण्णा, खालचा काढा," ती म्हणाली. "आमची आई मधेच उठलेली आहे."

अण्णांनी तो ठिपका पुसला. भाग्यलक्ष्मीनं स्क्रीनकडे पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती पोटभर रडली.