पुरवणीतले सात

यादव सर पेपर वाटायचे ते प्रसाद दिल्यासारखे, वरून टाकून. नववीची सहामाही, गणित, आणि माझ्या पेपरवर लाल शाईत एकोणतीस.

पासला पस्तीस लागत होते. मुख्याध्यापकांचा नवा फतवा होता, एका विषयात जरी नापास तरी खो-खोच्या संघातून बाहेर. मालेगावच्या सामन्यांची गाडी सोमवारी सुटणार होती आणि मला त्या गाडीत बसायचंच होतं. बाकी गणिताशी माझं काही भांडण नव्हतं, फक्त बोलणं बंद होतं.

पेपर हातात आला की टोटल मारायची, हा आमच्या वर्गाचा धर्म. पहिल्या पानावरचा तक्ता मी बघितला. सहा, आठ, नऊ, सहा. बेरीज बरोबर. पण पाचव्या प्रश्नाच्या चौकटीत काहीच नाही! तो मी पुरवणीत सोडवला होता. दोरा सोडून पाहिलं, तर तिथे गोलात चक्क सात. सरांनी तपासून दिले होते, तक्त्यात चढवायचे राहिले होते. एकोणतीस अधिक सात, छत्तीस!

"जाऊ नको छाया," शेजारची आशा म्हणाली. "सर अख्खा पेपर परत तपासतात. मागच्या वेळी ललितचे चार गेले."

"मग काय सात सोडून देऊ? सरांच्या सासूबाईंना आहेर म्हणून?"

सरांच्या घरी टोटल सासूबाई मारायच्या, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. लाल पेन मात्र सरांचंच.

सरांनी पुरवणी पाहिली, कान लाल झाले. सात चढवले आणि मग सूड उगवल्यासारखं पहिल्या पानापासून सुरू केलं.

"तिसऱ्यात कोणतीही तीन म्हटलंय. तू चार सोडवलीस. चारही उदाहरणांचे मार्क धरलेत." त्यांनी शेवटच्या उदाहरणावर रेघ मारली. "दोन वजा. चौतीस."

रडू आलं. पण रडले असते तर वर्गाला महिनाभर पुरलं असतं, म्हणून मी टेबलाच्या उलट्या बाजूने पेपरच वाचत राहिले.

"सर, पहिल्यातली ही रिकामी जागा. टिक नाही, फुलीही नाही."

सरांनी चष्मा वर केला. पुस्तक उघडलं. उत्तर बरोबर होतं.

"एक," ते नाइलाजाने म्हणाले, आणि तक्त्यात सहाचे सात केले. "पस्तीस. अगदी काठावर आहेस हं, छाया."

"खो-खोत एक पाय आत असला तरी गडी बाद नसतो, सर."

वर्ग हसला. सरांनी हसू दाबत खोडलेल्या आकड्यांशेजारी सही केली आणि निकालपत्रक बदलायला स्वतः मुख्याध्यापकांकडे निघाले. दारातून वळून म्हणाले, "आणि ज्यांनी ज्यांनी पुरवणी घेतली होती, त्यांनी दोरे सोडा."