मालकाच्या पत्रावर विश्वास

वर्गात जिला सगळे 'बडबडी' म्हणत, ती उत्तरपत्रिका नाचवतच शिक्षकांच्या खोलीत शिरली.

"सर, कारखान्याच्या संपावरचा निबंध! ऐतिहासिक साधनांची विश्वासार्हता तपासण्याला सहापैकी दोनच? पाच नसतील तर निबंध स्पर्धेतून माझा पत्ता कट!"

इतिहासाच्या सरांनी चष्मा सावरला. "'मालक पक्षपाती, म्हणून त्याचं पत्र रद्दी,' असं लिहिलंस. अगं, पक्षपाती माणूसही कधी कामाचं बोलतो."

"पान उलटा की!"

सरांनी उलटलं. मागे होतं, 'असं वाटेल खरं. पण संप फसला म्हणणारा हाच मालक तीनशे कामगार बाहेर पडल्याचं कबूल करतो. आकडा वाढवण्यात त्याचा फायदा नाही, म्हणून तेवढं पटतं.'

सर ओशाळले. बडबडीचं नाव पाहून त्यांनी पुढचं वाचलंच नव्हतं.

"घे, पाच. सहावा नाही. तुझं दुसरं साधन, त्या कामगाराच्या आठवणी, संपानंतर वीस वर्षांनी लिहिल्यात, ते तू तपासलं नाहीस."

"मान्य. पण तुम्ही पान न उलटता, नुसतं नाव बघून गुण दिलेत?"

"दिले, बाई."

"मग खरंच असणार," बडबडी हसली. "स्वतःची अब्रू घालवायला कोण खोटं बोलतं?"