बहिजाने दिलेला निळा मणी

मित्रांनो, मी एक जुना, मधोमध तडकलेला निळा काचेचा मणी आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या वर्तुळात एक काळा ठिपका आहे. त्याला लोक डोळा म्हणतात. त्या डोळ्याने मला कोणाचीही वाईट नजर दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल जगात फार खोट्या गोष्टी पसरल्या आहेत.

अल-खलील गावातल्या एका काचभट्टीत माझा जन्म झाला. फुटक्या बाटल्या वितळवून कारागिराने मला लोखंडी सळईवर फिरवले, डोळा चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता म्हणून पुरता निवू न देताच राखेतून बाहेर काढले. अशी काच पोटात ताण घेऊनच जगते. वरून ती धडधाकट दिसते. एका फेरीवाल्याने मला कैरोला नेले आणि एका अरुंद गल्लीत बहिजा नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने मला विकत घेतले. ती तेव्हा गरोदर होती.

तिचे ते मूल राहिले नाही. त्यानंतरचीही राहिली नाहीत. दर खेपेला ती मला कमरेच्या नाडीत बांधायची आणि दर खेपेला रडत सोडायची. मी काही करू शकलो नाही. आमच्या गल्लीत बायकांना मुलाच्या नावाने हाक मारतात, हिलमीची आई, मिखाईलची आई. बहिजाला मात्र सगळे बहिजाच म्हणत.

त्या घरात तीन धर्मांची बिऱ्हाडे होती. खाली ज्यू मसऊदा, मधे बहिजा आणि तिच्या समोर नफीसा, दोघी मुसलमान, आणि वर ख्रिस्ती दिमियाना. देव वेगळे, सण वेगळे, स्वयंपाकाची भांडीसुद्धा वेगळी. पण नजरेची भीती सगळ्यांची एकच होती. असे का, हे मी कधी कमरेला, कधी गळ्यात लटकून शिकलो. जिथे दोन घरांमध्ये एकच पातळ भिंत असते, एकीचा पाळणा हलतो आणि दुसरीचा रिकामा असतो, तिथे ज्याच्याकडे आहे त्याला, नसलेल्याची भीती वाटते. धडधाकट मूल संध्याकाळी तापते, भरल्या छातीचे दूध आटते आणि कारण कोणालाच सांगता येत नाही. मग ते शेजारणीच्या डोळ्यांत शोधतात. ही भीती धर्मग्रंथांच्याही आधीची. धर्मगुरू आले तेव्हा ती घरात पाय पसरून बसलेलीच होती.

गुरूंना मी कधीच आवडलो नाही. गच्चीवर तांदूळ निवडताना बायका त्यावरून हसायच्या.

"आमचे रब्बी म्हणतात, लाल दोरा बांधणं म्हणजे मूर्तिपूजकांची चाल," मसऊदा सांगायची. "पण ज्या ताईताचा गुण आलाय, तो शब्बाथला, काम न करायच्या दिवशीही, घालून फिरायला जुन्या पंडितांची परवानगी. आणि त्यांच्यातलेच दुसरे थोर पंडित म्हणतात, ताईत लिहिणारे वेडे! आता बाई, कुणाचं ऐकू?"

"आमचे पाद्रीबाबा म्हणतात, मत्सर हा मत्सर करणाऱ्यालाच पोखरतो," दिमियाना म्हणायची. "मणी काढ, क्रूस घाल. मी दोन्ही घालते. थंडीत दोन पांघरुणं घेतली तर कुणी रागावतं का?"

"शेख मुतवल्ली तर मण्याला हातच लावत नाहीत," नफीसा म्हणायची. "म्हणतात, अल्लाचा भार काचेवर टाकू नकोस. पण नजर लागते हे खरं, असंही तेच सांगतात."

नफीसाला हिलमी झाला तेव्हा बहिजाने मला स्वतःच्या हाताने त्याच्या झबल्याला टाचले. "माझ्याकडे पडून काय करायचाय?" एवढेच म्हणाली. हिलमी तिच्याच मांडीवर वाढला. इतर बायका त्याला नजर लागू नये म्हणून "काय गं हे काळं माकड!" म्हणायच्या, बहिजाही म्हणायची. एकदाच तिची जीभ घसरली. न्हाऊ घातलेल्या हिलमीला उचलून ती म्हणाली, "चंद्र आहे गं, चंद्र!" आणि नजर टळावी म्हणून लगेच "माशाअल्लाह" म्हणायचे राहून गेले.

त्याच आठवड्यात हिलमीला हगवण लागली. उन्हाळा होता, गल्लीतली निम्मी मुले आजारी होती. पण भ्यालेल्या आईला गल्ली दिसत नाही. नफीसाने शेगडीत निखारे फुलवले आणि त्यावर धूप आणि तुरटीचा खडा टाकला. तुरटी फुगते, पसरते आणि तिचा काहीतरी आकार होतो. त्यात नजर लावणाऱ्याचे तोंड दिसते म्हणतात.

"बाई दिसतेय," दिमियाना वाकून म्हणाली. "वाकून बसलीय."

"हातात सुई आहे," नफीसा म्हणाली.

मला नाही दिसली सुई. पण मला विचारतो कोण? तिने मला धुरावर धरले, निखाऱ्यांची धग लागेपर्यंत, आणि शुद्ध व्हावा म्हणून गार पाण्यात बुडवले. पोटात जन्मापासूनचा ताण होताच. मी कडकन तडकलो.

"मण्याने नजर खाल्ली!" मसऊदा ओरडली. "किती जबर असेल बाई ती!"

भट्टीवाल्याच्या घाईची शिक्षा अशी बहिजाला झाली.

शेख मुतवल्लींना बोलावले. ते भले गृहस्थ होते, उगाच वाईट सांगणार नाही. तुरटी त्यांनी फेकायला लावली, मला काढायला सांगितले, आणि हिलमीच्या डोक्यावर हात ठेवून कुराणातल्या आसरा मागणाऱ्या दोन सूरा म्हटल्या. मग म्हणाले, "एक उपाय पैगंबरांच्या हदीसमध्ये आहे. जिच्यावर संशय आहे तिने हातपाय धुवावेत आणि ते पाणी मुलावर ओतावं. पण तिला दोष देऊ नका. नजरेला द्वेष लागत नाही. प्रेमाने पाहिलं आणि अल्लाचं नाव घ्यायचं राहिलं, तरी लागते."

त्यांना वाटले, त्यांनी तिला सोडवले. दारात उभ्या बहिजाचा चेहरा पांढरा पडला. मला द्वेष नाही, असे ती शपथेवर सांगू शकली असती. मला प्रेम नाही, असे कसे सांगणार?

तिने पाणी दिले. नाही म्हणाली असती तर चेटकीण ठरली असती. हिलमीने त्या सकाळीच पेज पोटात ठेवली होती, उतार पडायला लागला होता. मला पुन्हा त्याच्याच अंगावर बांधले होते, म्हणून मला ठाऊक. पण पाणी ओतले आणि संध्याकाळी तो हसला. झाले! पाण्याने गुण आला, म्हणजे नजर तिचीच. तिच्या चांगुलपणाचाच तिच्याविरुद्ध पुरावा झाला.

कोणी भांडले नाही, हेच फार वाईट झाले. नफीसाने खिरीची वाटी आणली आणि उंबऱ्याबाहेर ठेवून गेली. नव्या नवरींचे कपडे शिवायला बहिजाकडे यायचे थांबले. मला मात्र चांदीची कडी मिळाली. बायका मला बघायला येत, तडा दाखवून माझे कौतुक करत. असले कौतुक शत्रूलाही न मिळो.

बहिजानेही मग ते खरे मानले. आपली पोटातली मुलेही आपल्याच नजरेने गेली असतील का, असे तिने एकदा जिन्यात दिमियानाला विचारले.  दिमियाना नुसती क्रूसाची खूण करून वर निघून गेली.

हिलमी चालायला लागला आणि एक दिवस गच्चीच्या जिन्यावरून गडगडत बहिजाच्या दारात पडला. कपाळ फुटले होते. त्याने तिला ओळखले आणि हात पसरले, "मावशी! मावशी!"

बहिजा धावत आली, आणि दोन पावलांवर थांबली. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले, तोंड भिंतीकडे केले आणि किंचाळली, "नफीसा, धाव गं! पोर पडलंय! मी बघितलं नाही हं, देवाशपथ, मी त्याच्याकडे बघितलं नाही!"

मुलाचे रक्त माझ्यावर ठिबकत होते. ती भिंतीला डोके टेकून तशीच उभी होती.

मित्रांनो, मला गळ्यात बांधायचे तर बांधा, फेकायचे तर फेका. पण तुमच्या घरात कोणी आजारी पडले, तर त्याला औषध द्या, पेज द्या, तुमची असेल ती प्रार्थना म्हणा. शेजारणीचे नाव तेवढे घेऊ नका. एकदा घेतलेले नाव गल्ली विसरत नाही. नाव घेतले ते नफीसानेही कधी मागे घेतले नाही.