बरं वाटल्यावरच्या गोळ्या

चूल अजून पेटली नव्हती. गोळ्यांचं पाकीट कुरकुरलं, तशा सासूबाई उठून बसल्या.

"काल म्हशाच्या जत्रेला जाऊन तुझा नवस फेडला. खोकला गेला, अंग भरलं. आता गोळी खाशील तर देवाला खोटं पाडशील गो."

"देवानं बरं केलं, आत्ये. पण टीबीची गोळी रोज सहा महिने घ्यायची. अजून दोन राहिलेत."

"निदान भाकर तरी खा आधी."

"उपाशीपोटीच घ्यायची. भाकर तासाभरानं."

"हट्टी हायस."

"हाय. माझ्या भावानं बरं वाटलं म्हणून सोडल्या. परत खोकला लागला, तो उठलाच नाय."

त्यांच्यासमोरच मी गोळ्या गिळल्या.

माझी पाच वर्षांची मेघा अंथरुणातून बघत होती.

"आये, मामाला तू का नाय सांगलंस?"